गच्चीवरचं ऊन विकायचं असेल तर

ताई, नमस्कार. डोंबिवली पूर्वेला आमची 1991 सालची चार मजली इमारत आहे. सोळा घरं, लिफ्ट नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. वर साधारण 1,400 चौरस फुटांची गच्ची वर्षभर कुलपात असते. मिस्टरांची कंपनी मार्चमध्ये बंद पडली. खाली रस्त्यावर आठ बाय दहाचा गाळा घ्यायचा तर नुसतं डिपॉझिटच झेपत नाही. हाताशी 60,000 रुपये आहेत. गच्चीवर काहीतरी सुरू करावं असं मनात आहे. मला भाजीची बाग सुचते, मुलगा म्हणतो कॅफे काढू, सासूबाई म्हणतात पापड-कुरडया करू. आम्ही वरच्या मजल्यावरचे, त्यामुळे गच्ची मिळायला अडचण येऊ नये. काय करावं?
— एक वाचक भगिनी, डोंबिवली

भगिनी,

सासूबाईंचं ऐका. फक्त पापड-कुरडया करून विकण्याच्या आधी, दुसऱ्यांचं वाळवण वाळवून देण्याचं काम घ्या. तुमच्या आजूबाजूला शेकडो घरं अशी आहेत जिथे बाल्कनी आत घेऊन खोली केली आहे, खिडकीला ग्रिल आहे आणि दिवसातून तासभरसुद्धा ऊन येत नाही. त्या बायकांना चीक शिजवता येतो, बटाटे किसता येतात, मसाल्याच्या मिरच्याही त्या आणतात, पण पसरायच्या कुठे हा प्रश्न असतो. तुमच्याकडे नेमकं तेच आहे. मी ठाण्यात एका बचत गटाबरोबर नऊ उन्हाळे गच्चीवर वाळवण केलं आहे, त्यामुळे पुढचं सगळं अनुभवाचं सांगते.

आधी गच्ची मिळण्याचं. वरच्या मजल्यावर राहिल्याने गच्चीवर तुमचा हक्क कणभरही वाढत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेची गच्ची सामाईक असते, तळमजल्याच्या आजोबांची जेवढी तेवढीच तुमची. सेक्रेटरींनी तोंडी होकार देऊन भागत नाही. सर्वसाधारण सभेत ठराव हवा आणि तो इतिवृत्तात लिहिलेला हवा. नाहीतर पहिल्या भांडणात, किंवा नवी कमिटी आली की, दुसऱ्या दिवशी कुलूप लागेल आणि तुमचे पैसे वर अडकतील.

मुलाच्या कॅफेला मात्र माझा सरळ नकार आहे. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या पबला लागलेल्या आगीत 14 माणसं गेली. तुमच्या इमारतीला जिना एकच असणार. गच्चीवर गॅस, वर आलेली तीस माणसं आणि खाली जायला साडेतीन फुटांची वाट, ही जोडी मला कुठल्याही नफ्यासाठी मान्य नाही. शिवाय राहत्या इमारतीत उपाहारगृहाला अग्निशमन दलाची आणि महापालिकेची परवानगी मिळवणं तुमच्या ऐपतीपलीकडचं आहे. मुलाला दुखवू नका, त्याला पुढे काम आहेच.

भाजीच्या बागेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे चांगली माणसं फसतात. गच्ची दिसते जमिनीसारखी, पण ती तुमच्याच घराचं छप्पर आहे. भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस 875 च्या दुसऱ्या भागाप्रमाणे, ये-जा असलेल्या सपाट गच्चीवर दर चौरस मीटरला साधारण 150 किलो वजन येईल असं धरून स्लॅब काढतात. आता एक फूट खोल मातीचा वाफा घ्या. भिजलेली माती घनमीटरला 1,800 किलोच्या आसपास भरते. म्हणजे एका चौरस मीटरवर 540 किलो, सोसण्याच्या साडेतीन पट. मातीऐवजी कोकोपीट, पालापाचोळा आणि कंपोस्ट वापरून सहा इंचांचा थर केला तर वजन मर्यादेत बसतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्याचं खत करून बाग फुलवली होती, म्हणजे पद्धत चालते यात शंका नाही. पण तिथे खाणारं स्वयंपाकघर खालीच होतं आणि इमारत एका संस्थेची होती.

तुमच्याकडे रोज पाणी पडणार, तेही चौतीस-पस्तीस वर्षं जुन्या कोब्यावर. माझ्या माहेरच्या इमारतीत एका हौशी शेजाऱ्याने कुंड्यांच्या चार रांगा लावल्या होत्या. तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या घराच्या छताचं प्लास्टर पाळण्याशेजारी पडलं. बाळ वाचलं. बाग त्याच आठवड्यात गेली आणि दोन्ही घरांचं बोलणं कायमचं तुटलं. कोथिंबीर-मेथीतून महिन्याला जे हाती येईल त्यासाठी ही जोखीम घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. तुमच्या बाबतीत तर ते छत तुमचंच आहे.

वाळवणाचं गणित याच्या बरोबर उलट आहे. एक मीटर रुंद, तीन मीटर लांब पेटी, तिच्या सांगाड्याचं वजन 25 किलो, वर पसरलेला ओला माल 12 किलो. सगळं मिळून चौरस मीटरला 12-13 किलो. एखादं माणूस तिथे उभं राहिलं तरी याहून जास्त भार पडतो. आणि पाण्याचा थेंब लागत नाही.

पेटी म्हणते, कारण उघड्या गच्चीवर साडीवर पसरण्याचे दिवस आता राहिले नाहीत. खरं वाटत नसेल तर आजच एक स्टीलचं ताट पुसून गच्चीवर ठेवा आणि उद्या याच वेळेला त्यावर ओला पांढरा रुमाल फिरवा. रुमालावर जी काळी, कचकचणारी पूड येईल ती बांधकामांची आणि रस्त्याची आहे, आणि तीच पापडावर बसते. त्यात कबुतरं. त्यांची विष्ठा आणि पिसं ज्या मालावर पडली तो माल धुवून, पुसून, परत वाळवून चालत नाही, तो फेकायचाच.

पेटी साधी असते. ॲल्युमिनियमच्या अँगलचा सांगाडा, वर ग्रीनहाऊसला वापरतात तो 200 मायक्रॉनचा यूव्ही प्लास्टिकचा कागद, आत जाळीचे ट्रे जमिनीपासून दीड फूट उंच. एका टोकाला खाली हवा आत येण्याची फट, दुसऱ्या टोकाला वर बाहेर जाण्याची, आणि दोन्हींना बारीक जाळी. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली तर ट्रेसकट आठ-नऊ हजारांत एक पेटी होते. लोखंडी जाळी घेऊ नका, आंबट आणि खारट पदार्थ तिला दोन महिन्यांत गंजवतात. स्टेनलेस स्टील किंवा खाद्यपदार्थांसाठीची नायलॉन जाळी घ्या. तयार, जास्त सुधारलेले ड्रायरही मिळतात. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या मुलांनी उभ्या केलेल्या एस4एस टेक्नॉलॉजीज या कंपनीने असाच सौर ड्रायर गावोगावच्या शेतकरी बायकांपर्यंत नेला आणि 2023 चा अर्थशॉट पुरस्कार मिळवला. तसा ड्रायर घेण्याआधी मात्र साध्या पेटीवर एक हंगाम काढा.

ही पेटी आपल्याकडे इतकी का लागते ते सांगते, कारण ते कळलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. सोलापूर-नागपूरला ऊन कोरडं असतं, तिथे कुरडई एका दिवसात कडक होते. आपण खाडीच्या काठी. हवाच ओली, ती मालातलं पाणी घेणार कुठे? पण तीच हवा तापवली की तिची तहान वाढते. बाहेर 33 अंश आणि 60 टक्के दमटपणा असेल आणि पेटीत ती हवा 53 अंशांवर गेली, तर तिचा दमटपणा 21 टक्क्यांवर उतरतो. सोलापूरची हवा तुम्ही डोंबिवलीत तयार केली. पण ही तापलेली, पाणी घेतलेली हवा बाहेर गेली पाहिजे. कागदाच्या आतून थेंब जमलेले दिसले, की समजा वरची फट कमी पडते आहे. फट मोठी करा. ऊन कमी आहे असं समजून ती आणखी बंद करू नका, ही चूक जवळजवळ सगळेच पहिल्या आठवड्यात करतात.

दुसरी चूक आमच्या गटाने केली आणि ती महागात पडली. पहिल्याच वर्षी, एप्रिलच्या भर उन्हात, आम्ही बटाट्याच्या चकत्या जाड कापून पेटीत घातल्या आणि फटी जवळजवळ बंद ठेवल्या. संध्याकाळी चकत्या वरून कडक लागल्या, आम्ही खूश होऊन पिशव्या बंद केल्या. बारा दिवसांनी 22 किलो बटाट्यांच्या मालावर हिरवी-काळी बुरशी. झालं असं, की सुरुवातीलाच फार ताप मिळाल्याने वरची साल आधी वाळून घट्ट झाली आणि आतलं पाणी आतच कोंडलं. तेव्हापासून आम्ही पहिले दोन तास फटी पूर्ण उघड्या ठेवतो, चकती दोन मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाही आणि दुपारी एकदा माल उलटतो.

वाळलं की नाही हे हाताने कळतं, पण पूर्ण भरवसा हातावर ठेवू नका. वाळलेला माल काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरा, झाकण लावा, रोज एकदा हलवा आणि आठवडाभर पाहा. काचेला आतून धुकं आलं किंवा तुकडे एकमेकांना चिकटले, तर सगळा घाणा परत उन्हात. बरणी कोरडी राहिली तरच पिशवीत. गिऱ्हाइकाचा माल असेल तर प्रत्येक घाण्यातली मूठभर याच रीतीने बाजूला ठेवा आणि निदान रात्रभर थांबून मगच परत द्या. आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवा : सूर्य कलला की माल खाली आणायचा, झाकणाच्या डब्यात. रात्रभर वर राहिलेलं वाळवण दिवसभरात दिलेलं पाणी पहाटेपर्यंत परत पिऊन घेतं.

आता पैशांचं. तीन पेट्यांमध्ये अर्ध्या चौरस मीटरचे 18 ट्रे बसतात. ओल्या चकत्या, कीस असं काही असेल तर एका ट्रेवर दोन किलो, त्याहून जास्त नाही. दर ट्रेच्या दिवसाला लावा. मी 20 रुपयांपासून सुरुवात करायला सांगेन. सगळे ट्रे महिन्याचे 26 दिवस भरले तर 9,360 रुपये होतात, पण असं कधी होत नाही. निम्मे धरा, 4,680. त्यातून सोसायटीला 1,000 दिले तर तुमच्या हाती 3,680. तीन पेट्यांचे 25,500 रुपये साधारण सात महिन्यांत, म्हणजे एका हंगामात, फिटतात. ही रक्कम मिस्टरांच्या पगाराची जागा घेणार नाही, हे तुम्हाला आजच माहीत असलेलं बरं. पण साठातले निम्म्याहून जास्त हजार हातात राहतात.

मग स्वतःचा माल का नको? एक हिशेब मांडून पाहू. 10 किलो बटाटे, 30 रुपये भावाने 300. साल आणि खराब भाग जाऊन पावणेनऊ किलोच्या आसपास चकत्या, पाच ट्रे. बटाट्यात पाचातले चार भाग पाणी, धुताना-उकळताना थोडा स्टार्चही जातो, त्यामुळे शेवटी हाती 1.7 किलोच्या आसपास वेफर. मीठ, गॅस, पिशव्या, लेबल यांचे 100. किलोला 500 रुपये मिळाले तर 850 आले, 400 गेले, 450 उरले. सोलणं, कापणं, वाफवणं, पसरणं, पॅकिंग मिळून सहा तास काम. तासाला 75 रुपये. तेच पाच ट्रे दोन दिवस दुसऱ्याच्या मालाला दिले तर 200 रुपये मिळतात आणि तुमचं काम उतरवण्या-चढवण्याचं, फार तर तासभराचं. शिवाय विकला न गेलेला माल कपाटात पडून राहत नाही. म्हणून आधी वाळवून देणं, आणि जे ट्रे रिकामे राहतील त्यांत तुमचा माल. सासूबाईंची कुरडई खरंच चांगली असेल, तर वाळवायला येणाऱ्या बायकाच तिच्या पहिल्या गिऱ्हाईक होतील.

माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाचं काम मिरच्यांचं. डोंबिवलीत आगरी, कोळी, मालवणी घरं भरपूर, आणि मार्च ते मे वर्षाच्या मसाल्याचा मोसम. बेडगी, संकेश्वरी, लवंगी अशा मिरच्या आणून, देठं काढून, डंकावर नेण्याआधी त्यांना एक-दोन कडक उन्हं दाखवावी लागतात. नाहीतर कुटताना त्या चिवट राहतात आणि मसाला लवकर जाळी धरतो. एका ट्रेवर किलोभर मिरच्या बसतात. पाच किलोवाल्या घराचे एका दिवसाचे 100 रुपये, दोन उन्हं दाखवली तर 200. मिरच्या आधीच जवळजवळ कोरड्या असतात, त्यामुळे बुरशीची भीती कमी. फक्त एक पेटी मिरच्यांसाठीच राखून ठेवा. तिच्यात नंतर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या तर लहान मुलं खाणार नाहीत. तुमच्या भागात मसाले कुटून देणारी जी गिरणी असेल तिथे मुलाला पाठवा. त्यांच्याकडे रोज ओलसर मिरच्या घेऊन येणारी माणसं असतात, आणि परत पाठवण्यापेक्षा त्यांना तुमचा पत्ता देणं गिरणीवाल्याच्याही सोयीचं आहे.

बटाटा-साबुदाण्याचं काम फेब्रुवारीपासून येतं. नोव्हेंबर ते जानेवारी ऊन उतरतं असतं, पण हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. तेव्हा मेथी आणि पुदिना. मेथीला थेट ऊन नको, रंग जातो. पेटीवर जुनी सुती साडी टाकून वाळवा. हा तुमचा स्वतःचा माल असू दे, कारण हिवाळ्यात मेथीची जुडी स्वस्त होते आणि ट्रे रिकामे असतात. जून ते सप्टेंबर धंदा बंद, हे धरूनच चाला. त्या चार महिन्यांसाठी कुणी विजेचा ड्रायर घ्यायला सांगेल. पहिल्या वर्षी घेऊ नका, वीजबिल भरून ट्रेचा वीस रुपये दर परवडत नाही.

सोसायटीपुढे जाताना एक पानाचा कागद न्या. लोकांच्या मनातल्या शंका दोनच असतात : गळती होईल, आणि परकी माणसं जिन्यात फिरतील. म्हणून कागदावर लिहा की गच्चीला एकही भोक पाडणार नाही, पेट्यांच्या पायांखाली लाकडी फळ्या आणि रबर असेल, ट्रे खाली घरात धुतले जातील, वर गॅस किंवा शेगडी येणार नाही. गिऱ्हाईक वर येणार नाही. माल इमारतीच्या दाराशी घ्यायचा आणि तिथेच द्यायचा, सकाळी साडेआठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. चार मजले चढ-उतार मुलाच्या वाट्याला. पाण्याच्या टाकीपर्यंतची आणि जिन्याच्या दारापासूनची वाट चार फूट मोकळी राहील. महिन्याला 1,000 रुपये सोसायटीच्या दुरुस्ती निधीत, आणि एक महिन्याची सूचना दिली की पेट्या काढून घेऊ. मुदत एका हंगामाची मागा. पाच वर्षांची मागितलीत तर लोक बिचकतात. इमारतीला तीस वर्षं होऊन गेल्याने स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायला हवं. तो अहवाल मागून त्यातलं गच्चीच्या स्लॅबबद्दलचं पान स्वतः वाचा. आधीच सळया गंजल्या आहेत, कोबा फुगला आहे असं लिहिलं असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत पेट्याही नेऊ नका. सध्याच्या ओलीचे, भेगांचे फोटो तारखेसकट काढून सेक्रेटरींना द्या, म्हणजे जुनी गळती तुमच्या नावावर चढणार नाही.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी घरगुती उद्योगालाही लागते. ती ऑनलाइन होते, एजंटला हजारो देऊ नका. पिशवीवर तो क्रमांक, घटक, वजन, बनवल्याची आणि वापराची तारीख घाला. घरी बटाटा पांढरा राहावा म्हणून आपण तुरटी फिरवतो. विकायच्या मालात मी तुरटी वापरत नाही. मिठाच्या पाण्यात चिमूट लिंबूसत्त्व घालून चकत्या तीन-चार मिनिटं उकळल्या की रंग टिकतो.

पैसे घालण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली सावली. गच्चीवर खडूने सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता सावलीची रेघ ओढा. पण आजच्या रेघेवर विसंबू नका. मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तर डिसेंबरअखेर तो दक्षिणेकडे झुकून जेमतेम 47 अंशांवर असतो. तुमच्या दक्षिणेला तुमच्या गच्चीपेक्षा 30 मीटर उंच टॉवर असेल, तर डिसेंबरात भर दुपारी त्याची सावली 27-28 मीटर लांब पडते. टॉवर त्याहून जवळ असेल तर तुमचा हिवाळा गेला. मग फेब्रुवारीअखेर सुरुवात करा, मेथीचा नाद सोडा आणि तीनऐवजी एकच पेटी करा. तेव्हाही शिमग्यापासून मेपर्यंतचं मिरच्या-पापडांचं काम हाताशी राहतंच.

दुसरी गोष्ट वारा, आणि याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. 13 मे 2024 ला घाटकोपरला वळवाच्या वादळात होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. पेटी होर्डिंगएवढी नसते हे खरं, पण ताशी 90 किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरला सुमारे 38 किलोने ढकलतो. तीन चौरस मीटरचा कागद ताणलेला असेल तर 115 किलोच्या आसपास जोर येतो, आणि पेटीचं वजन मालासकट 37. ती चौथ्या मजल्यावरून खाली रस्त्यावर जाऊ शकते. पायांना वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन बांधले तरी 80 किलोच वाढतात. ते रोजच्या वाऱ्याला पुरे, वादळाला नाही. म्हणून कागद कायमचा ठोकून बसवू नका. क्लिपांनी बसवा, दोन माणसांना पाच मिनिटांत काढता यायला हवा. कागद काढला की नुसता सांगाडा वाऱ्याला अडवत नाही. मार्चपासून रोज सकाळी हवामान खात्याचा इशारा पाहणं हे मुलाचं काम. नारंगी किंवा लाल इशारा असेल तर त्या दिवशी कुणाचाही माल घ्यायचा नाही आणि कागद काढून, गुंडाळून घरात.

सुरुवात एकाच पेटीने करा, सहा ट्रे. आधी घरचा, मग शेजारच्या दोन घरांचा माल फुकट वाळवून द्या आणि बरण्या ठेवा. महिनाभर एकाही बरणीला धुकं आलं नाही, की दुसरी पेटी सांगा. 25 मेच्या आसपास, पहिला मोठा पाऊस यायच्या आत, कागद धुवून, सावलीत वाळवून, काळ्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा आणि सांगाडे सोडून जिन्याखाली उभे करा. नीट जपला तर तोच कागद तीन हंगाम जातो. उन्हात विसरला तर पहिल्याच दिवाळीला हातात तुकडे येतात.